पॅरललिझमची चूक कानाला का खटकत नाही

"सर, मी जिंतूरची. सध्या परभणीत खोली करून एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेची तयारी करते. सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये बाकीचं जमतं, पण पॅरललिझम आला की चुकतं. नियम पाठ आहे. वाक्य वाचताना काहीच खटकत नाही आणि उत्तर बघितलं की लगेच पटतं. यादीचं थोडंफार जमतं, तुलनेत तर पार गोंधळ. नेमकं बघायचं कुठं?"

पॅरललिझम म्हणजे यादीत किंवा तुलनेत जोडीनं येणारे तुकडे एकाच जातीचे असणं. आधी एक मराठी वाक्य बघ. "जायकवाडीची क्षमता मांजरापेक्षा कितीतरी जास्त आहे." यात खटकण्यासारखं काही आहे का? नाही. पैठणचं जायकवाडी 2909 दलघमीचं, धनेगावचं मांजरा 224 दलघमीचं, म्हणजे माहिती बरोबर आहे आणि मराठीही बरोबर आहे. पेपरात बातमी अशीच येते आणि पारावरही माणसं असंच बोलतात. "मांजराच्या क्षमतेपेक्षा" असं कुणी म्हणालं तर तो पाटबंधारे खात्याचा अहवाल वाचतोय असं वाटेल.

आता हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ठेव. "द कपॅसिटी ऑफ जायकवाडी इज मच ग्रेटर दॅन मांजरा." तुझ्या कानाला हेही ठीकच वाटणार. इंग्रजीत मात्र इथं एका बाजूला क्षमता ठेवली आहे आणि दुसऱ्या बाजूला अख्खं धरण. क्षमतेची तुलना क्षमतेशी व्हायला हवी होती, ती सिमेंट-मातीच्या भिंतीशी झाली. परीक्षक याच जागी बोट ठेवतो.

तुला चूक दिसत नाही याचं कारण तुझा अभ्यास कमी आहे हे नाही. तू इंग्रजी वाक्य वाचतेस, मनातल्या मनात त्याचं मराठी करतेस आणि मराठी बरोबर लागलं की पुढं जातेस. चूक त्या भाषांतरातच विरघळून जाते. उत्तरसूची बघितल्यावर पटतं, कारण तेव्हा दोन इंग्रजी रूपं शेजारी शेजारी दिसतात आणि मराठी मधे येत नाही.

ही अडचण "पेक्षा"त किती खोल रुतलेली आहे ते बघ. "माझं घर तुझ्यापेक्षा मोठं आहे" आणि "मी तुझ्यापेक्षा मोठा आहे" या दोन्ही वाक्यांत "तुझ्यापेक्षा" हा एकच शब्द आहे. पहिल्यात त्याचा अर्थ "तुझ्या घरापेक्षा" आणि दुसऱ्यात "तू जेवढी आहेस त्यापेक्षा". मराठीत सर्वनामाला "पेक्षा" लावायचं तर आधी "तुझ्या" करावं लागतं, त्यामुळं मालकीचा अर्थ त्यात फुकटात बसतो. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे आहेत, "दॅन युअर्स" आणि "दॅन यू". "माय हाउस इज बिगर दॅन यू" म्हटलं तर घर माणसापेक्षा मोठं असा अर्थ होतो. सर्वनामाचं हे गणित शाळेत घोकलेलं असतं म्हणून तिथं सहसा चूक होत नाही. नाम आलं की मात्र घात होतो, कारण "मांजरापेक्षा" म्हणताना धरण की धरणाची क्षमता, हा प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही.

म्हणून "कानाला खटकतं का बघ" हा सल्ला आपल्या लेकरांना लागू पडत नाही. कानावर सोडायचं नाही, डोळ्यानं बघायचं. कुठं बघायचं, ते आता सांगतो.

सेंटेन्स इम्प्रूव्हमेंटमध्ये एक सोय असते. वाक्यातला एकच तुकडा अधोरेखित असतो आणि बदल फक्त त्यातच करायचा असतो. बाकी वाक्य चुकलेलं आहे असं तुला कितीही वाटलं तरी तिथं हात लावता येत नाही. म्हणजे अधोरेखित नसलेला भाग हा खुंटा आहे. गाय खुंट्याला बांधायची, खुंटा गायीला नाही. यादी असो वा तुलना, रूप ठरवायचा हक्क खुंट्याकडं असतो.

यावर एक उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर घेतो. वाक्य आहे "ही नॉट ओन्ली ग्रोज सोयाबीन बट ऑल्सो तूर." मराठीत याचा अर्थ "तो नुसतं सोयाबीनच नाही तर तूरही घेतो." मराठीत "च" आणि "ही" थेट त्या त्या पिकाला चिकटतात, म्हणून मराठीत हे बिघडायला जागाच नाही. इंग्रजीत "नॉट ओन्ली"च्या लगेच पुढं क्रियापद आलंय, "ग्रोज", आणि "बट ऑल्सो"च्या लगेच पुढं नाम आलंय, "तूर". हे जोडशब्द तराजूच्या दोन पारड्यांसारखे असतात. एका पारड्यात क्रियापद टाकलं तर दुसऱ्यातही क्रियापदच हवं.

आता हेच वाक्य दोन वेगळ्या पेपरांत आलं असं समज. पहिल्या पेपरात "बट ऑल्सो तूर" अधोरेखित आहे. तिथं खुंटा आहे "नॉट ओन्ली ग्रोज", आणि तो हलवता येत नाही. त्याच्या पुढं क्रियापद आहे, मग आपल्या बाजूलाही क्रियापद आणावं लागेल: "बट ऑल्सो ग्रोज तूर". दुसऱ्या पेपरात "नॉट ओन्ली ग्रोज सोयाबीन" अधोरेखित आहे. तिथं खुंटा आहे "बट ऑल्सो तूर" आणि त्यात नुसतं नाम आहे. मग क्रियापद "नॉट ओन्ली"च्या आधी काढून ठेवावं लागेल: "ग्रोज नॉट ओन्ली सोयाबीन". वाक्य तेच, चूकही तीच, पण उत्तरं दोन. ज्या मुलानं "बरोबर वाक्य" पाठ केलेलं असतं तो इथं फसतो. त्याला पाठ असलेलं रूप पर्यायांत नसतं, आणि तो वैतागून "नो इम्प्रूव्हमेंट"वर टिचकी मारतो.

यादीचं तुला जमतं म्हणालीस, त्यामुळं तिथं फार रेंगाळत नाही. पण यादीतल्या दोन जागा अशा आहेत की तिथं चांगली चांगली मुलं घसरतात, आणि दोन्ही ठिकाणी ओढ मराठीचीच असते.

पहिली जागा "आयएनजी" आणि "टू" यांची. "शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू सिंग." मराठी कर बघू. "तिला वाचायला, पोहायला आणि गायला आवडतं." एकदम गुळगुळीत! इंग्रजीतल्या "सिंगिंग" आणि "टू सिंग" या दोन्हीला मराठीत "गायला" किंवा "गाणं" एवढंच रूप पुरतं, म्हणून फरक कानावर पडतच नाही. इथं यादीतल्या प्रत्येक घटकाचा फक्त पहिला शब्द बघायचा. रीडिंग, स्विमिंग, टू. तिसरा बाहेर. पण "टू" दिसला की सगळीकडं "टू"च करायचा, असंही नाही. "टू" एकदाच पहिल्या घटकाआधी लिहून सगळ्यांत वाटून घेतला तरी चालतो आणि तिन्ही ठिकाणी लिहिला तरी चालतो. पहिल्याला आहे, दुसऱ्याला नाही आणि तिसऱ्याला पुन्हा आहे, हे चालत नाही.

याच "टू"चा एक जुळा भाऊ आहे, तोही ओळखून ठेव. "माय ब्रदर प्रीफर्स वर्किंग इन द फील्ड टू ड्राइव्ह अ टेम्पो." "टू" दिसला की आपला हात आपोआप पुढं मूळ क्रियापद लिहितो. पण "प्रीफर"नंतरचा हा "टू" क्रियापदाचा नाही, तो "पेक्षा"चं काम करतोय. त्याच्या डाव्या बाजूला "वर्किंग" आहे, मग उजव्या बाजूला "ड्रायव्हिंग" हवं: "टू ड्रायव्हिंग अ टेम्पो". मुलं हा पर्याय बघून म्हणतात, "टूच्या पुढं आयएनजी कसं काय?" आणि बरोबर उत्तर खोडून टाकतात.

दुसरी जागा मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती मराठीच्या वाक्यरचनेतूनच उगवते. "हर फादर ग्रोज तूर, सोयाबीन अँड रिअर्स गोट्स." मराठीत "तिचे वडील तूर, सोयाबीन घेतात आणि शेळ्या पाळतात." मराठीत क्रियापद शेवटी येतं. "तूर, सोयाबीन" ही जोडी "घेतात"नं बंद होते आणि मग "आणि" येऊन दुसरं वाक्य जोडतं. दोन पिकांमध्ये "आणि" लागत नाही, स्वल्पविरामानं भागतं. इंग्रजीत क्रियापद आधी आलं, त्यामुळं तूर, सोयाबीन आणि रिअर्स हे तिघं एकाच रांगेत उभे राहिले. दोन नामं आणि एक क्रियापद. ही तिघांची यादी नाहीच. इथं दोन कामं आहेत, पीक घेणं आणि शेळ्या पाळणं, आणि पहिल्या कामाच्या पोटात दोन पिकांची छोटी यादी आहे. पोटातल्या यादीला स्वतःचा "अँड" लागतो, बाहेरच्या जोडणीला वेगळा. म्हणून "ग्रोज तूर अँड सोयाबीन अँड रिअर्स गोट्स" हे बरोबर. दोन "अँड" बघून मुलं नाकं मुरडतात आणि हाच पर्याय आधी बाद करतात. एका वाक्यात दोन "अँड" येण्यात काहीही चूक नाही. ते दोन वेगवेगळ्या दावणींना गुरं बांधतात.

आता तुलनेकडं येऊ, कारण तुझा खरा गोंधळ तिथं आहे. धरणांचाच प्रश्न पूर्ण घेऊ. वाक्य: "द कपॅसिटी ऑफ जायकवाडी डॅम इज मच ग्रेटर दॅन मांजरा डॅम." अधोरेखित भाग "दॅन मांजरा डॅम". पर्याय असे समज.

(1) दॅन ऑफ मांजरा डॅम
(2) दॅन दोज ऑफ मांजरा डॅम
(3) दॅन दॅट ऑफ मांजरा डॅम
(4) नो इम्प्रूव्हमेंट

वाक्य पहिल्यापासून वाचत बसू नकोस. थेट "दॅन"वर जा आणि आधी उजवीकडं बघ. तिथं काय उभं आहे? धरण. मग डावीकडं जा आणि विचार, "ग्रेटर" कोण? जायकवाडी नाही. "इज"चा कर्ता "कपॅसिटी" आहे, "ऑफ जायकवाडी डॅम" हे तिचं शेपूट आहे. म्हणजे डावीकडं क्षमता, उजवीकडं धरण. जोडी जमत नाही, तेव्हा (4) गेला.

आता उजवीकडं क्षमता आणायची. "द कपॅसिटी ऑफ" पुन्हा लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण इंग्रजी माणूस ती पुनरुक्ती टाळतो आणि तिच्या जागी एक छोटा शब्द ठेवतो. तो शब्द एकवचनाला "दॅट", अनेकवचनाला "दोज". (1) मध्ये हा शब्दच गाळलाय, नुसतं "ऑफ" लटकतंय. ते कशाचं "ऑफ", ते सांगायला पुढं कुणी नाही. (2) मध्ये "दोज" आहे, म्हणजे क्षमता अनेक झाल्या. क्षमता एकच आहे, म्हणून (3).

वचन ठरवताना एक फसवी जागा येते. वाक्य "द हाइट ऑफ द वॉल्स" असं असेल तर डोळा "वॉल्स"वर अडकतो आणि हात "दोज"कडं जातो. तुलना उंचीची आहे, भिंतींची नाही. म्हणून "दॅट" की "दोज" हे "ऑफ"च्या डावीकडच्या शब्दावरून ठरव, उजवीकडच्या नाही.

"दॅट"च्या मागं नेहमी "ऑफ"च येईल असंही नाही. डावीकडं जे शब्दयोगी आहे तेच उजवीकडं येतं. "द हॉस्टेल्स इन लातूर आर मोअर क्राउडेड दॅन दोज इन परभणी." डावीकडं "इन लातूर", म्हणून उजवीकडं "इन परभणी". पर्यायांत "दोज ऑफ परभणी" आणि "दोज इन परभणी" दोन्ही दिले असतील तर तुझा खुंटा "इन" आहे.

मालकीचा ॲपॉस्ट्रॉफी "एस" वापरूनही ही तुलना दुरुस्त होते. "जायकवाडीज कपॅसिटी इज ग्रेटर दॅन मांजराज" हे पूर्ण बरोबर आहे, कारण "मांजराज"च्या पुढं कपॅसिटी समजून घेतलेली आहे. चुकतं ते दोन्ही मालक्या एकत्र ठेवल्यावर: "दॅन दॅट ऑफ मांजराज". इथं मालकी "ऑफ"नंही सांगितली आणि "एस"नंही. एका सराव पुस्तकाच्या उत्तरसूचीत मी हे रूप बरोबर म्हणून छापलेलं बघितलंय. दोन दिवस मुलं माझ्याशीच वाद घालत होती, "छापलंय ते चुकीचं कसं असंल सर?"

आता माझीच एक चूक सांगतो. शिकवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचो: तुलना दिसली की "दॅट ऑफ". मुलांना असं आयतं सूत्र फार आवडतं आणि मलाही ते बरं वाटायचं. मग एका सराव चाचणीत वाक्य आलं: "इट रेन्स मोअर इन हिंगोली दॅन बीड." अधोरेखित "दॅन बीड". वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांनी निवडलं "दॅन दॅट ऑफ बीड". मी चूक दाखवली तर मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, "सर, तुमीच तर सांगितलं व्हतं." त्याचं खरं होतं.

त्या वाक्यात "दॅट"ला जागाच नाही. "दॅट" हा कुठल्यातरी नामाच्या बदली येतो. "इट रेन्स"मध्ये पाऊस हे नाम नाहीच, पडणं हे क्रियापद आहे. मग "दॅट" कुणाची बदली करणार? इथं तुलना दोन जागांची आहे: हिंगोलीत जास्त, बीडमध्ये कमी. डावीकडं "इन हिंगोली" आहे, म्हणून उजवीकडं "इन बीड" हवं: "दॅन इन बीड". मराठीत "हिंगोलीत बीडपेक्षा जास्त पाऊस पडतो" असं चालतं, "बीडमधल्यापेक्षा" म्हणायची गरज पडत नाही, म्हणून इंग्रजीतला तो दुसरा "इन" गळून पडतो.

त्या दिवसापासून मी सूत्र पुसलं आणि एक प्रश्न ठेवला. "दॅन"च्या डावीकडं ज्याची तुलना चाललीय तो तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत आहे? तो नाम असेल तर उजवीकडं नाम किंवा त्याची बदली येईल. तो "इन" किंवा "ऑन"नं सुरू होत असेल तर उजवीकडंही त्यानंच सुरुवात होईल. तो क्रियेचा तुकडा असेल तर उजवीकडंही क्रियाच येईल. "इट इज इझियर टू बाय अ पंप दॅन मेंटेनिंग इट" यात डावीकडं "टू बाय" आहे, म्हणून उजवीकडं "टू मेंटेन". इथं "मेंटेनिंग" ऐकायला कितीही भारदस्त वाटलं तरी जोडी जमत नाही.

हे सगळं "दॅन" दिसतो तिथं झालं. खरी कसोटी "दॅन" नसतो तिथं लागते. "लाइक" आणि "अनलाइक"नं सुरू होणारी वाक्यं ही तुलनाच असते, पण मुलांचा डोळा तिथं थांबत नाही. "अनलाइक जायकवाडी डॅम, द कपॅसिटी ऑफ मांजरा डॅम इज स्मॉल." इथं "अनलाइक"च्या पुढं धरण आहे आणि स्वल्पविरामानंतर लगेच कर्ता आहे क्षमता. पुन्हा तोच घोळ, फक्त क्रम उलटा. आता अधोरेखित काय आहे ते बघ. पहिला तुकडा अधोरेखित असेल तर खुंटा क्षमता आहे, म्हणून "अनलाइक दॅट ऑफ जायकवाडी डॅम". नंतरचा तुकडा अधोरेखित असेल तर खुंटा जायकवाडी धरण आहे, म्हणून स्वल्पविरामानंतर दुसरं धरणच कर्ता म्हणून उभं करावं लागेल: "मांजरा डॅम हॅज अ स्मॉल कपॅसिटी". "अनलाइक"च्या वाक्यात स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ता शोधायचा आणि तो "अनलाइक"च्या पुढच्या शब्दाशेजारी ठेवून बघायचा, बास.

सराव कसा करायचा, तर वहीत अख्खी वाक्यं उतरवत बसू नकोस. वाक्यातले जोडीचे तुकडे फक्त एकाखाली एक लिही. धरणाच्या वाक्याचं असं होईल:

द कपॅसिटी | ऑफ जायकवाडी डॅम
(इथं दॅन)
? | ऑफ मांजरा डॅम

प्रश्नचिन्हाच्या घरात काय बसेल ते लगेच दिसतं. वडिलांच्या वाक्याचं असं होईल:

ग्रोज | तूर अँड सोयाबीन
(इथं अँड)
रिअर्स | गोट्स

असे चाळीस-पन्नास प्रश्न हातानं मांड. त्यानंतर कागद लागत नाही, डोळाच मांडणी करतो. परीक्षेत मांडणीला वेळही नसतो. एसएससीच्या सीजीएल परीक्षेत, टिअर वन म्हणजे पहिल्या टप्प्यात, शंभर प्रश्नांना साठ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद, आणि गणिताला जास्त लागतात हे धरलं तर इंग्रजीला त्याहून कमी. त्यात चुकलं की अर्धा मार्क जातो. म्हणून घरी मांडायचं आणि तिथं फक्त दोन शब्द बघायचे, जोडशब्दाच्या उजवीकडचा पहिला आणि त्याचा डावीकडचा जोडीदार.

सराव चाचणी तपासताना तुझ्या चुकांची एक खूण बघत जा. चुकलेल्या प्रश्नांत तू सारखं "नो इम्प्रूव्हमेंट" निवडलेलं असेल, तर तू अजून मराठीतून वाचतेस. उलट "नो इम्प्रूव्हमेंट" हे उत्तर होतं तिथंच तू भलतं काहीतरी निवडत असशील, तर तू आता नियमाच्या नादी लागलीस आणि नसलेली चूक शोधतेस. दोन्ही दुखण्यांचा इलाज वेगळा आहे. पहिल्यासाठी वरची मांडणी. दुसऱ्यासाठी मात्र एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, आणि ती या एका प्रश्नातून सांगतो.

"शी ॲन्सर्ड ऑल द क्वेश्चन्स क्विकली, कॅल्मली अँड विदाउट अ सिंगल मिस्टेक." अधोरेखित "विदाउट अ सिंगल मिस्टेक". पर्याय: "फॉल्टलेस", "नॉट मेकिंग अ सिंगल मिस्टेक", "अनमिस्टेकेबली", आणि "नो इम्प्रूव्हमेंट". नियम घोकलेला मुलगा बघतो, क्विकली आणि कॅल्मली दोघांच्या शेवटी "ली", मग तिसराही "ली"वाला हवा. तो "अनमिस्टेकेबली" निवडतो. शेपूट जुळलं, पण या शब्दाचा अर्थ "ओळखू येईल इतक्या स्पष्टपणे" असा आहे. तिनं चुका केल्या नाहीत, हे त्यातून कुठं निघतं? "फॉल्टलेस" हे विशेषण आहे, ते उत्तर देण्याची रीत सांगू शकत नाही. "नॉट मेकिंग" या क्रियारूपाची दोन "ली"वाल्यांशी जोडी जमत नाही.

राहिलं ते मूळ वाक्य. तिथं तिन्ही तुकडे "कसं उत्तर दिलं?" या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: भराभर, शांतपणे, एकही चूक न करता. काम एक आहे, रूप थोडं वेगळं आहे, आणि हे इंग्रजीत चालतं. पर्यायांत "फॉल्टलेसली" असतं तर वाद झाला असता, म्हणून जाणता परीक्षक ते देत नाही. तू मात्र हे वाक्य आज वहीत मांड, "ॲन्सर्ड"च्या खाली तिन्ही तुकडे एकाखाली एक लिही, आणि प्रत्येकाला "कसं?" विचारून बघ.